सोनसाखळी चोरीच्या घटना: नियमित गस्त व मदत क्रमांक मिळण्याबाबत निवेदन

दिनांक : 14 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक साहेब,
स्थानिक पोलीस ठाणे, नाशिक

विषय : कॉलनी परिसरात रोज सकाळ-संध्याकाळ गस्त व ज्येष्ठांसाठी ठाण्याचा मदत क्रमांक मिळणेबाबत.

महोदय,

दिवाळीपासून आमच्या कॉलनीत सोनसाखळी ओढून नेण्याच्या तीन घटना घडल्या. तिन्ही वेळा फिर्याद दिली आहे, त्यामुळे तो तपशील इथे पुन्हा देत नाही. मात्र गेल्या मंगळवारची घटना सांगणे भाग आहे. आमच्या एक 74 वर्षांच्या सभासद भगिनी सकाळी साडेसहाला दूध घेऊन परतत होत्या. दुचाकीवरच्या दोघांपैकी मागच्याने "आजी, दत्तमंदिर कुठे?" असे विचारले. त्या हात करून रस्ता दाखवत असतानाच त्याने गळ्यातली पोत हिसकली. त्या पडल्या, मनगट मोडले. सोने गेल्यापेक्षा प्लास्टरमधल्या हाताने स्वयंपाक कसा करायचा, याची त्यांना जास्त चिंता आहे. घरी दोघेच, मुलगा पुण्याला.

आता बायका खोटे मंगळसूत्र घालून फिरायला निघतात. पण हिसका खऱ्या-खोट्याला सारखाच बसतो. "घरीच बसा" हा सल्लाही आम्हाला मिळतो. डॉक्टर रोज चाला म्हणतात, मग कोणाचे ऐकायचे?

बीट मार्शल येतात, नाही असे नाही. पण बहुधा दुपारी, रस्ता मोकळा असताना. चोऱ्या सकाळी सहा ते साडेसात आणि दिवेलागणीच्या सुमारास होतात. गस्त त्या वेळेला हवी, आणि उद्यानामागच्या गल्लीतून हवी, कारण पळायची वाट तीच आहे. अधूनमधून साध्या वेशातले कर्मचारीही ठेवावेत.

प्रसंग घडल्यावर 112 आहेच. पण एखादी विनानंबरची दुचाकी दोन दिवस घिरट्या घालते आहे, किंवा कोणी "आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून पुडीत ठेवा" म्हणतो आहे, हे आमच्या ओळखीच्या बीट अंमलदाराला कळवता आले पाहिजे. त्यासाठी ठाण्याचा एक मोबाईल क्रमांक द्यावा. तो कर्मचाऱ्याचा स्वतःचा नसावा. बदली झाली की आम्ही पुन्हा अनोळखी होतो.

ज्येष्ठ नागरिक अधिनियम 2007 च्या कलम 22 मध्ये आमच्या जीविताच्या व मालमत्तेच्या संरक्षणाची तरतूद आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठाण्यात ठेवून त्यांच्या भेटी घ्याव्यात, ही विनंती. यादी आम्ही तयार करून देतो. उद्यानाच्या फाटकाशी सकाळी उभे राहायला आमचे काही सभासदही तयार आहेत, त्यात दोन निवृत्त फौजी आहेत.

येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता विरंगुळा केंद्रात सभा आहे. आपण किंवा आपले अधिकारी आल्यास गस्तीच्या वेळा तिथेच ठरवता येतील.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव,
कॉलनीचा ज्येष्ठ नागरिक संघ

सोबत : सभासदांच्या सह्यांची पाने
प्रत माहितीस्तव : मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर