पायरीवरचा चौथा जोड

सर्व आप्तेष्टांना आणि स्नेह्यांना अत्यंत आनंदाने कळवत आहोत की आमच्या घरी लेक आली आहे. आम्ही तिला कायदेशीररीत्या दत्तक घेतले असून जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश गेल्या आठवड्यात आमच्या हाती पडला. आदेश वाचून झाल्यावर आम्ही दोघे कितीतरी वेळ काहीच बोललो नाही, आणि मग आईंनी तो देवापुढे ठेवून त्यावर अबोलीचे चार वळेसर वाहिले.

सोबतच्या छायाचित्रात आमच्या फोंड्याच्या घराची चिऱ्याची पायरी दिसते आहे. पावसाने ती अजून ओली आहे आणि तिच्यावर चपलांचे चार जोड आहेत: एक आईंचा, दोन आमचे आणि चौथा तळहातावर मावेल एवढा, ज्याची डावी चप्पल उजवीकडे आणि उजवी डावीकडे ठेवलेली आहे. ही मांडणी तिची स्वतःची आहे. बाहेरून आल्यावर सगळ्यांच्या चपला ती एका ओळीत लावते आणि कुणाची ओळीबाहेर राहिली तर परत जाऊन सरळ करते. रोज पहाटे पोदेराचा भोंगा ऐकू आला की आई पूर्वी तीन उंडे घेत असत. आता चार घेतात, आणि त्यातला एक स्वतःच्या हाताने घेण्याचा मान कुणाचा हे वेगळे सांगायला नको.

छायाचित्रात तिचा चेहरा नाही आणि या मजकुरात तिचे नाव नाही, याचे कारण आपणांस मोकळेपणाने सांगावेसे वाटते. आमच्याकडे येण्यापूर्वीचे तिचे आयुष्य ही तिची स्वतःची ठेव आहे. ती कुठून आली, तिचे वय किती, कोणत्या परिस्थितीत आली, तिचे जन्मदाते कोण, यांतले जे काही आम्हाला ठाऊक आहे ते आम्ही तिच्यासाठी जपून ठेवले आहे. तिला समजेल अशा शब्दांत ते तिला सर्वांत आधी कळेल आणि पुढे कुणाला काय सांगायचे, की काहीच सांगायचे नाही, हे ती ठरवील. दत्तकासंबंधीच्या नोंदी कायदा गोपनीय ठेवतो आणि मोठेपणी आपल्या मुळांचा शोध घेण्याची वाटही तिला मोकळी ठेवतो. ती दत्तक आहे हे मात्र आम्ही तिच्यापासून कधीही लपवणार नाही. ते तिला आमच्याच तोंडून, रोजच्या बोलण्यातल्या एखाद्या साध्या गोष्टीसारखे, लहानपणापासून ऐकायला मिळेल.

सांगण्यासारखी आमची स्वतःची गोष्ट आहे, ती सांगतो. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ज्याला सगळे ‘कारा’ म्हणतात, तिथे नाव नोंदवल्यापासून आम्ही तीन वर्षे सात महिने वाट पाहिली. गृहअभ्यास अहवालाची मुदत तीन वर्षांची असते. ती संपल्यामुळे समाजसेविका पुन्हा एकदा घरी आल्या, पुन्हा तेच प्रश्न झाले आणि आम्हीच आता बदललो आहोत हे उत्तरे देताना आमच्या लक्षात आले. पहिल्या भेटीत ‘रक्ताचे नाते नसताना जीव जडेल का’ ही भीती माझ्याच मनात होती, आणि ती मी यांच्यापासूनही वर्षभर लपवली होती. दुसऱ्या भेटीत ती मी त्यांच्यासमोर मोठ्याने बोलून दाखवली. मग एका दुपारी फोनवर संदेश आला. मुलाची माहिती पाहून होकार कळवायला अठ्ठेचाळीस तास मिळतात. आम्हाला त्यांतले फारच थोडे लागले, पण ती रात्र आम्ही सोप्यावर बसून काढली.

ती घरी येऊन काही महिने झाले आहेत. दत्तकपूर्व संगोपनाच्या त्या काळात आदेश हाती येईपर्यंत आम्ही मौन पाळले, त्यामुळे जवळच्या कित्येकांना ही बातमी आज या मजकुरातून कळते आहे, याबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो. पूर्वी असा आदेश न्यायालयातून मिळत असे. सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हा दंडाधिकारी देतात. ती घरी आल्यापासून दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तिच्या क्षेमकुशलाची चौकशी होईल, आणि आम्हाला ते ओझे न वाटता आधारच वाटतो.

आता थोडी विनंती, जी आम्ही आपुलकीच्या हक्काने करत आहोत. ‘केवढे पुण्य केलेत’, ‘तिचे नशीब उघडले’ असे कृपा करून म्हणू नये. आम्ही कुणाला तारलेले नाही. आम्हाला मूल हवे होते आणि ते मिळाले. आमचा हा आनंद सुरू होण्यापूर्वी तिच्या वाट्याला एक ताटातूट आली आहे, हे आम्ही विसरत नाही आणि आपणही विसरू नये. ‘खरी आई’ हा शब्द तिच्यासमोर किंवा तिच्यामागे वापरू नये. जन्म देणारीही खरीच आणि आज तिच्या वेण्या घालणारीही खरीच. ओळख करून देताना ‘यांची मुलगी’ एवढेच पुरे. ‘दत्तक’ हा शब्द आम्हाला मुळीच लाजिरवाणा वाटत नाही, पण तो प्रत्येक वेळी तिच्या नावापुढे लावायचे कारणही नाही. आपल्याकडे देवळात किंवा बाजारात लहान मुलीला पाहिले की एखादी वयस्क बाई मायेने विचारते, ‘तूं कोणाचें गो?’ त्या प्रश्नाला तिने आमच्या घराचे नाव सांगावे आणि पुढचा प्रश्न येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

भेटीला आलात की तिची छायाचित्रे काढून समूहांत किंवा अन्यत्र टाकू नयेत, वाढदिवसाची आणि चवथीचीही नाहीत. ‘हिच्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे’ असे कुणी आपणांस विचारले, तर ‘ती फार आनंदी आहे’ असे सांगावे, कारण ते खरे आहे.

ज्यांच्या मनात दत्तक घेण्याचा विचार घोळत असेल त्यांनी आम्हाला निःसंकोच विचारावे. अर्ज कसा करायचा, कागदपत्रे कोणती लागतात, वाट पाहण्याचे दिवस कसे जातात, हे सगळे आम्ही बसून सांगू. फक्त मध्यस्थ गाठून किंवा ओळखीतून मूल मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी कुणी लागू नये. रीतसर नोंदणी हाच मार्ग आहे, आणि मुलाच्या हिताचाही तोच आहे.

यंदाच्या चवथीला माटोळीची सुपारी आणि कवंडळे बांधायला आमच्याकडे दोन छोटे हात अधिक आहेत. आपण जरूर यावे. मात्र एका वेळी चार-पाच जणांनीच, कारण अनोळखी चेहऱ्यांची गर्दी झाली की ती आईंच्या पदराआड जाते. आणि येताना चपला खालच्या पायरीवर काढाव्यात. वरची पायरी आमच्या चार जोडांसाठी राखून ठेवलेली आहे, आणि ती राखणारी फार कडक आहे.