दिग्दर्शिकेचं मनोगत : ‘काय म्हणालीस?’ (लघुपट, 14 मिनिटे)

वय वाढतं तसे सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीतले, आणि त्यांच्यासोबत स, श, फ ही व्यंजनं. बोलणं ऐकू येतं, पण शब्द लागत नाही. रेडिओ दुरुस्त करणारे बाबा आणि त्यांची मुलगी यांच्यातला दुरावा या एवढ्याशा फटीतून सुरू होतो.

म्हणून ही गोष्ट मी ध्वनीतून सांगते. पहिली दोन मिनिटं आवाज स्वच्छ आहे. तो कानात बसला नसता, तर पुढची झीज प्रेक्षकाला मिक्सिंगमधली चूक वाटली असती. मग बाबांच्या दृश्यांत 2000 हर्ट्झच्या वरचा भाग हळूहळू उतरत जातो. मुलगी ‘सात’ म्हणते, बाबांना ‘आत’ ऐकू येतं, आणि ते उठून आत जातात. तेव्हा मुलगी पाठमोरी आहे, कारण ओठ दिसले की प्रेक्षक शब्द वाचून घेतो. पार्श्वसंगीत नाही. सबटायटल्सही बाबांना ऐकू येतं तेवढंच दाखवतात.

बाबांची कीव यावी, हे मला नको आहे. ‘अगं, पुन्हा सांग’ म्हणायला त्यांना जे धाडस लागतं, ते दिसावं.