नवीन पुरवठादार नोंदणी: बारदान पुरवठ्यासाठी लागणारी कागदपत्रं

जळगाव, 12 जानेवारी 2026

नमस्कार सुनीलभाऊ,

तुमच्या पीपी पिशव्यांचे नमुने आमच्या पॅकिंग विभागाने पास केले. 50 किलोची तूरडाळ भरून थप्पी लावली, शिलाई कुठेच उसवली नाही. नवीन तुरीचा माल मिलवर यायला लागला आहे, त्यामुळे 20,000 पिशव्यांची पहिली ऑर्डर लवकर काढायची आमचीही घाई आहे. त्याआधी तुमचं नाव आमच्या पुरवठादार यादीत चढवावं लागेल. शुक्रवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढे कागद कशाला?" विचारणं रास्त आहे, म्हणून प्रत्येकाचं कारण लिहिते.

सगळ्यात आधी बँकेचं, कारण तिथेच एक अडचण दिसते. तुमच्या कोटेशनखाली छापलेलं खातं तुमच्या वडिलांच्या नावावर आहे, आणि जीएसटी नंबर तुमच्या फर्मचा. घरात पैसा एकच असेल, पण बिल एका नावाचं आणि पेमेंट दुसऱ्या नावावर, हे आमचे ऑडिटर मान्य करत नाहीत. उद्या वडिलांच्या खात्यात आलेल्या रकमेचा खुलासा तुम्हालाही द्यावा लागेल. फर्मच्या नावाचं चालू खातं असेल तर त्याचा नाव छापलेला कॅन्सल चेक स्कॅन करून पाठवा. चेकवर नाव छापलेलं नसेल तर बँकेच्या शिक्क्याचं पत्र किंवा स्टेटमेंटचं पहिलं पान चालेल. त्यावरचे व्यवहार झाकून टाका, ते आम्हाला नकोत. आम्ही आधी 1 रुपया पाठवून खातेदाराचं नाव पडताळतो, मगच खातं पक्कं करतो.

एक विनंती मनापासून. पुढे कधी खातं बदललं तर नुसत्या मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आम्ही ते बदलणार नाही. तुमच्या आज नोंदवलेल्या नंबरवर मी स्वतः फोन करून विचारेन. पुरवठादाराच्या नावाने खोटा मेल पाठवून पेमेंट भलत्याच खात्यात वळवण्याची फसवणूक सर्रास चालते, आणि त्यात तुमच्या घामाचा पैसा जातो. तसंच आमच्याकडून कोणी ओटीपी, एटीएम पिन किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड मागितला तर समजा, तो आमचा माणूस नाही.

जीएसटी नोंदणी प्रमाणपत्राची सगळी पानं हवीत, फक्त पहिलं नको. जोडपानावर मालाच्या जागा लिहिलेल्या असतात. तुमचं ऑफिस जळगावात आणि कारखाना धरणगावला. गाडी धरणगावहून निघणार असेल तर तो पत्ता प्रमाणपत्रावर असायला हवा. नसेल तर तुमच्या सीएंना सांगून आत्ताच चढवून घ्या, म्हणजे ई-वे बिल काढताना आणि रस्त्यात तपासणी झाली तर खोळंबा होणार नाही. तुम्ही जीएसटीआर-1 महिन्याला भरता की तिमाहीला, हेही कळवा. तुम्ही आमचं बिल तिथे दाखवलं तरच ते आमच्या 2बी मध्ये येतं आणि आम्हाला टॅक्स क्रेडिट मिळतं. मासिक असेल तर पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत, तिमाही असेल तर पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफमध्ये 13 पर्यंत चढवा.

पॅन कार्डची प्रत टीडीएससाठी. आमची उलाढाल 10 कोटींच्या वर असल्याने एका वर्षात तुमच्याकडची खरेदी 50 लाखांपुढे गेली तर वरच्या रकमेवर 0.1 टक्का कापून तुमच्या पॅनवर जमा करावा लागतो. पहिल्या ऑर्डरला हे लागू नाही. पण पॅन चुकला तर दर वाढतो आणि कापलेली रक्कम तुमच्या खात्यावर दिसत नाही.

उद्यम प्रमाणपत्र मात्र तुमच्याच फायद्याचं आहे. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून नोंदलेले असाल तर कायद्याने आम्हाला ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत, पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर व्याज लागतं आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च आयकरात वजाही मिळत नाही. म्हणून आमची लेखा शाखा उद्यमवाल्यांची बिलं वेगळी काढून आधी चुकती करते. आपल्या ऑर्डरमध्ये मी 30 दिवस लिहिणार आहे. नोंदणी अजून केली नसेल तर udyamregistration.gov.in वर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका.

आधार कार्ड पाठवू नका, आम्हाला त्याची गरज नाही.

सगळं पीडीएफमध्ये याच मेलला उत्तर म्हणून शनिवार, 17 जानेवारीपर्यंत पाठवा. फर्मचं खातं अजून उघडलंच नसेल तर बाकीचे कागद आधी येऊ द्या; ऑर्डर मी काढून ठेवते, फक्त पेमेंट नवीन खातं पडताळल्यावर होईल. काही अडलं तर दुपारी 3 नंतर ऑफिसला फोन करा, किंवा कागद घेऊन मिलवरच या, इथे स्कॅन करून घेऊ.

आपली,
वर्षा
खरेदी विभाग, डाळ मिल, एमआयडीसी, जळगाव