माझे दुकान: विक्रेता डॅशबोर्ड

सांगली ४१६४१६ | मंगळवार, सकाळी ९.४० | पुढचा पिकअप आज दुपारी ३ वाजता

आज पाठवायच्या ऑर्डर ७ | उशीर झालेली १ | परत येत असलेल्या २

लेबल न चिकटवलेले पाकीट कुरिअरवाला उचलत नाही. ३ वाजण्याआधी सगळी लेबले छापून घ्या.
[लेबले छापा]

माल

हळद पूड, ५०० ग्रॅम: विक्री सुरू
एमआरपी ₹१८०, विक्री किंमत ₹१६५, शिल्लक ४२ नग. एचएसएन ०९१०३०, जीएसटी ५ टक्के.
वर्णनातले एक वाक्य आम्ही लपवले आहे: ‘सांधेदुखी मुळापासून बरी होते’. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो असे लिहिता येत नाही. रंग, वास, कोणत्या महिन्यात दळली ते लिहा. गिऱ्हाईक तेच विचारते.
[वर्णन बदला]

आमसूल, २५० ग्रॅम: माल संपला
१९ जणांनी ‘आल्यावर कळवा’ दाबले आहे.
[शिल्लक भरा]

गोडा मसाला, २०० ग्रॅम: अपूर्ण
एफएसएसएआय परवाना क्रमांकात १३ अंक भरलेत, १४ लागतात. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटोही नाही.
[पूर्ण करा]

पाठवणीचे साचे

‘जवळपास’: सांगली, मिरज, कुपवाड. ₹३०, ₹४९९ च्या वर मोफत.

‘महाराष्ट्र-गोवा’: ५०० ग्रॅमपर्यंत ₹५५, पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला ₹२५. कॅश ऑन डिलिव्हरी चालू.

‘बाकी भारत’: ५०० ग्रॅमपर्यंत ₹८५, पुढे ₹४०. अंदमान, लक्षद्वीप आणि लडाख वगळले आहेत.

सूचना: ‘महाराष्ट्र-गोवा’ साच्यात खोका ३०×२०×१५ सेंमी आहे. कुरिअर खोक्याच्या आकारावरूनही वजन धरते: ९००० घन सेंमी भागिले ५०००, म्हणजे १.८ किलो. काट्यावर माल १.२ किलो भरला तरी कुरिअर २ किलोचा टप्पा लावते. तोच माल २५×१५×१२ च्या खोक्यात बसत असेल तर १.५ किलोच्या टप्प्यात जाईल. मोकळ्या जागेचे भाडे भरू नका.
[खोक्याचे माप बदला]

ऑर्डरची स्थिती

नवी: स्वीकारायला २४ तास. त्यानंतर ऑर्डर आपोआप रद्द होते.

बांधणी सुरू: पत्ता आता बदलता येणार नाही.

पिकअपची वाट: लेबल तयार आहे, कुरिअर यायचे आहे.

रवाना: कुरिअरने स्कॅन केल्यावरच ही स्थिती दिसते. तुम्हाला हाताने बदलता येत नाही.

घरपोच निघाली: आज गिऱ्हाइकाच्या दारी.

दार बंद: माणूस भेटला नाही किंवा फोन उचलला नाही. तीनदा प्रयत्न होतो. दुसऱ्या खेपेआधी तुम्हीच एक फोन केलात तर बरे; कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरला तर कराच.

पोहोचली: पैसे ७ दिवसांनी खात्यात.

परतीच्या वाटेवर: गिऱ्हाइकाने घेतली नाही. जाण्याचे भाडे तुमच्याकडून, येण्याचे निम्मे.

परत मिळाली: पाकीट उघडतानाचा व्हिडिओ ४८ तासांत चढवा. सील तुटलेले असेल तर मसाला पुन्हा विक्रीला लावू नका.
[तक्रार नोंदवा]