चुडा

राजारामपुरीतल्या एडिटिंग रूममध्ये लेखकानं नवी संहिता टेबलावर ठेवली. एकशे दहा पानांची ऐंशी झाली होती. आत्या पूर्ण काढलेली, दोन भांडणांचं एक केलेलं. एक ओळ सैल नाही.

एडिटरनं पानं चाळली. "लई भारी झालंय, दादा. पण आत्या गेली कुठं?"

"काढली. तिचं काम आता आईच करते."

एडिटरनं पंचगंगा घाटाचा सीन लावला. नायक पायरीवर बसून बोलतोय आणि खांद्यावर बांगड्यांचा हात. आत्याचा. क्लोजअपमध्येसुद्धा फ्रेमच्या कोपऱ्यात हिरवा चुडा.

"हे परत घेऊ."

"कुठं? घाट पाण्याखाली गेलाय. राजाराम बंधाऱ्यावरनं पाणी वाहायलंय. त्यात हिरोनं मालिकेसाठी मिशी उतरवलीया."

कागदावर मिशी कुठं असते म्हणा! लेखकानं आवाज बंद करून तोच शॉट पुन्हा पुन्हा बघितला. हात खांद्यावर येतो, जरा दाबतो, मागं जातो.

"तो वळून बघत न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मग हा हात आईचा. तिला डबिंगला बोलव, दोन वाक्यं देतो. वाइड शॉट वापरू नको."

"आईच्या हातात चुडा कसा, दादा? तुमच्या नव्या ड्राफ्टात बाबा पहिल्याच पानावर जातात."

लेखकानं पेनाचं टोपण काढलं. "जिवंत करतो त्यास्नी. तू चहा सांग, आणि बाबांचं काय काय शूट झालंय ते लाव."