त्या पुसट सावलीबद्दल

मॅडम, नमस्कार,

परवा कात्रजहून आलेल्या त्या आजींच्या छातीच्या एक्स-रेत उजवीकडे अगदी वर पुसट पांढरं दिसलं आणि मी लगेच टीबी म्हणून मोकळी झाले, तुम्ही एवढंच म्हणालात की सावली कॉलरबोनच्या वर मानेपर्यंत जातेय का बघ. जात होती. वेणी होती हो ती! केस वर बांधून परत काढलेली फिल्म एकदम स्वच्छ. पण तोवर त्यांची मुलगी बाहेर रडत बसलेली, ते डोळ्यासमोरून हलतच नाही.

आता आधी जुनी फिल्म मागते, पेशंट वळलेला नाही ना, श्वास पूर्ण भरलाय ना बघते, मगच सावलीकडे. तरी एखादी खरी गाठ सुटेल याची धास्ती आहेच. गुरुवारी ओपीडीनंतर थोडा वेळ द्याल का?

तुमची विद्यार्थिनी