पहिल्या तोडीच्या ३० पेट्या

रविवार, १५ मार्च

नमस्कार मंडळी,

देवगडहून, कुणकेश्वरजवळच्या बागेतून लिहितोय. पहिल्या मोहोराचा हापूस तयार होत आला आहे. मंगळवारी, २४ तारखेला पहिली तोड. नोंदणी आजपासून सुरू.

पेट्या ३० आहेत. हा आकडा आला कुठून, ते सांगतो. नोव्हेंबरचा मोहोर फक्त ११ कलमांवर टिकला. गेल्या आठवड्यात बाबांनी आणि मी फळं मोजली, साधारण २,६०० भरली. वारा, वानरं, डागी फळ आणि बारीक फळ मिळून चौथाई वजा केली. राहिली १,९५० च्या आसपास. पाच डझनांची पेटी धरली तर ३२ होतात. एक देवाची, एक घरची. उरल्या ३०.

भाव पेटीला ६,००० रुपये, मुंबई-पुण्यात घरपोच. महाग आहे, ठाऊक आहे. सुरुवातीला फळ थोडं आणि मागणी फार, म्हणून हा भाव. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या मोहोराचा आंबा येईल, तेव्हा हीच पेटी ४,००० च्या आत मिळेल असा आमचा अंदाज आहे. झाडं तीच, चव तीच. तेव्हा पहिल्या आंब्याची हौस असेल, परदेशातून कोणी आठ दिवसांसाठी आलं असेल, तरच आता घ्या. नाहीतर खुशाल थांबा.

पाडव्याला आंबा हवा असेल तर तो आमच्याकडून होणार नाही. गुरुवारपर्यंत फळ चौदा आणे तयार होत नाही, आणि कोवळं उतरवून पावडरीने पिकवायचं आमच्या घरात चालत नाही. (कार्बाइडला कायद्यानेही बंदी आहे, पण बाबांचा धाक कायद्यापेक्षा मोठा.)

नोंदणी शुक्रवारी, २० तारखेला संध्याकाळी सहाला बंद होईल. शनिवारी खोकी आणि पेंढा आणायचा असतो, टेम्पोवाल्याला नग सांगायचे असतात. तारीख वाढवणार नाही.

एका घराला जास्तीत जास्त दोन पेट्या. नाव, पत्ता आणि १,००० रुपये आगाऊ पाठवा. पैसे आले त्या क्रमाने नोंद होईल. फळ कमी पडलं तर शेवटच्या नोंदीपासून मागे येत पूर्ण पैसे परत करू. पाच डझन जड वाटत असतील तर शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्या. अर्धी पेटी आम्ही भरत नाही, वाटेत फळ हलतं.

मंगळवार, १७ मार्च

३० पैकी १६ नोंदल्या. पण काल रात्री वारा सुटला आणि सकाळी झाडांखाली ४१० फळं मिळाली. आम्ही धरलं होतं त्यापेक्षा हे जास्त आहे. म्हणून आता ३० नव्हे, २७ पेट्या. शिल्लक ११. पडलेल्या कैऱ्यांचा फोटो खाली टाकलाय, आईने लोणच्याची तयारी सुरूही केली. ज्यांची नोंद झाली आहे त्यांच्या पेटीला धक्का नाही.

एका काकांनी विचारलं, ‘शेवटच्या दोनच राहिल्या असं लिहा की, पटापट जातील!’ काका, जातील हो. पण एप्रिलमध्ये तुम्हीच विचाराल, त्या दोन खऱ्या होत्या का म्हणून.

शुक्रवार, २० मार्च, सकाळी

आज सहा वाजता नोंदणी बंद. शिल्लक ५. काल ज्यांनी ‘विचारून सांगतो’ म्हटलं त्यांच्यासाठी पेटी राखून ठेवलेली नाही, पैसे आले तरच नोंद.

शुक्रवार, २० मार्च, संध्याकाळी

नोंदणी बंद केली. २७ पैकी २४ गेल्या, ३ राहिल्या. त्या नेहमीप्रमाणे वाशीच्या बाजारात जातील. आता मागितल्या तरी देता येणार नाहीत, कारण टेम्पोवाल्याला २४ पत्ते कळवून झालेत.

ज्यांनी घेतल्या त्यांच्यासाठी: फळ झेल्याने देठासकट उतरवून पेंढ्यात भरू. पेटी गुरुवारी पोचेल. आंबा हिरवा असेल, घाबरू नका. पिकायला आठ-दहा दिवस लागतात. पेटी उघडून हवेशीर जागी ठेवा, फ्रिजमध्ये नको. रोज एकदा वास घ्या. कापल्यावर साका, म्हणजे आत पांढरट न पिकलेला गर, निघाला तर फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत.

ज्यांची राहिली त्यांच्यासाठी: दुसऱ्या मोहोराची नोंदणी ५ एप्रिलला. यंदा तो मोहोर चांगला धरलाय. आंबा पुष्कळ असेल, उठल्या उठल्या मेसेज करायची गरज नाही. दुपारी जेवून केलात तरी चालेल.